पहिल्या वक्त्याआधीची आठ मिनिटं: चर्चासत्राची भूमिका कशी मांडावी

विभागप्रमुख बोलावून सांगतात, "या वेळी प्रास्ताविक तुम्ही करा." नव्या प्राध्यापकाला वाटतं, सुटलो. पाहुण्यांच्या गाड्या, जेवणाची कुपनं, प्रमाणपत्रांवरच्या सह्या हे सगळं दुसऱ्यांच्या गळ्यात पडलं, आपल्याला नुसतं बोलायचंय. मग आदल्या रात्री एक पान तयार होतं. त्यात महाविद्यालयाचं स्थापना वर्ष असतं, विभागाचे उपक्रम असतात, "आजच्या धकाधकीच्या युगात" अशी सुरुवात असते आणि "या विषयावर साधकबाधक चर्चा होईल अशी आशा व्यक्त करते" असा शेवट असतो. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं. संध्याकाळी समारोपाला बसले तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात अकरा निबंध वाचले गेले आणि त्यातल्या कुठल्याही दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही. प्रत्येक जण आपापलं सांगून गेला.

दोष वक्त्यांचा नव्हता. त्यांना विषय दिला होता, प्रश्न दिलाच नव्हता. तो द्यायचं काम संयोजकाचं, आणि ते पहिला वक्ता उठण्याआधीच करावं लागतं. ते कसं करायचं हे इथे एका उदाहरणावरून सांगते. आमच्या भूगोल विभागानं लातूरच्या २०१६ च्या पाणीटंचाईवर एक दिवसाचं चर्चासत्र घेतलं होतं. चार निबंध, एवढाच पसारा. नवख्या संयोजकानं यापेक्षा मोठं घेऊही नये.

आधी पत्रिकेत जागा मिळवा

प्रास्ताविक आणि भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे त्या एकाच माणसाकडून एका दमात उरकून घेतल्या जातात. प्रास्ताविक संस्थेचं असतं. कोण आलंय, कशासाठी आलंय, कुणी मदत केली, हे त्यात येतं. ते दीपप्रज्वलन आणि सत्काराच्या मध्ये होतं. त्या वेळी निम्मं सभागृह नोंदणीच्या टेबलाशी पिशव्या घेत असतं आणि उरलेलं व्यासपीठावरच्या शाली मोजत असतं. तिथे प्रश्न मांडला तर तो वाहून जातो.

म्हणून प्राचार्यांना आधीच सांगा की प्रास्ताविक दुसऱ्या कुणालातरी द्या, मला उद्घाटन संपल्यावर, पहिल्या वक्त्याच्या अगदी आधी आठ मिनिटं हवीत. उद्घाटन तेवढंच आटोपशीर होत असल्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही. कार्यक्रमपत्रिकेत "चर्चासत्राची भूमिका, ८ मिनिटे" अशी स्वतंत्र ओळ छापून घ्या. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पत्रिकेत नसलेली गोष्ट सगळ्यात आधी कापली जाते.

एक अडचण नेहमी येते. बीजभाषण उद्घाटनातच ठेवलेलं असेल, तर बीजभाषक हाच पहिला वक्ता ठरतो आणि तुमची भूमिका त्याच्या आधी यायला हवी. नंतर आली तर तुम्ही बीजभाषणाचा गोषवारा सांगताय असं वाटतं. बीजभाषण उद्घाटनातून काढून पहिल्या सत्रात नेता आलं तर सगळ्यात बरं.

निबंधांच्या गोषवाऱ्यांतून प्रश्न शोधा

आमच्या चर्चासत्राचं पत्रिकेवरचं नाव होतं "मराठवाड्यातील पाणीटंचाई: कारणे व उपाय". हे नाव समितीनं ठरवलं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाव रुंद असावं लागतं, नाहीतर निबंधच येत नाहीत. पण "कारणे व उपाय" हा काही प्रश्न नाही. त्याला कुणी चूक उत्तर देऊच शकत नाही. ज्याला चूक उत्तर देता येत नाही त्यावर वादही होत नाही.

चर्चासत्राच्या तीन आठवडे आधी चारही गोषवारे हातात आले, तेव्हा मी ते एका बैठकीत, एकापाठोपाठ एक वाचले. हे महत्त्वाचं आहे. आठवडाभर सुटे सुटे वाचले तर प्रत्येक गोषवारा शहाणा वाटतो आणि ते एकमेकांना कुठे छेदतात ते दिसत नाही. पहिला निबंध पावसाच्या नोंदींवर होता. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी मराठवाड्यात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी झाला, एवढं या निबंधाच्या पहिल्याच ओळीत होतं. दुसरा निबंध उसावर, तिसरा भूजलावर, चौथा लातूर शहराच्या पाणीवाटपावर.

मग मी चौघांना फोन केला. फोनवर निबंधाची चौकशी करायची नाही, एकच विचारायचं: "सर, तुमचा निबंध ऐकून एखादा माणूस भडकला, तर कोणत्या वाक्यावर भडकेल?" हा प्रश्न मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून उचलला आहे आणि तो कधी वाया जात नाही. गोषवाऱ्यात माणूस जपून लिहितो, फोनवर मोकळा होतो. पावसावरचे सर म्हणाले, "उगाच शेतकऱ्याला झोडपतात. दोन वर्षं आभाळच फाटकं होतं, तर धरणात येणार काय?" उसावरच्या मॅडम म्हणाल्या, "पावसाचं नाव पुढे करणं ही सोय आहे." भूजलवाल्यांनी दोघांनाही बाजूला सारलं. त्यांच्या मते धरणाकडे बघत बसण्याआधी बोअरच्या खोलीकडे बघायला हवं होतं. पाणीवाटपवाल्या सरांचं म्हणणं असं की पाणी कमी होतंय हे बरंच आधी दिसत होतं, फक्त कुणी ठरवलं नाही.

ही चार वाक्यं मी एका कागदावर लिहिली. यातली कुठली दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे बघायचं. जिथे तसं असेल तिथे तुमचा प्रश्न असतो.

प्रश्न तीनदा लिहा

पहिल्या खेपेला मी लिहिलं: "लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते पाऊस कमी पडला म्हणून, की ऊस जास्त लावला म्हणून?"

ऐकायला चटकदार आहे, वर्तमानपत्राच्या मथळ्याला चालेल. पण असा "हे की ते" धर्तीचा प्रश्न चर्चासत्रात टिकत नाही, कारण पहिलाच वक्ता "खरं तर दोन्ही" म्हणतो आणि खेळ संपतो. शिवाय चारपैकी दोनच निबंध यात बसत होते. भूजल आणि वाटप दाराबाहेर राहिले.

दुसऱ्या खेपेला लिहिलं: "लातूरच्या पाणीटंचाईला कोणते घटक कितपत जबाबदार होते?" आता चौघेही आत आले, पण प्रश्न पुन्हा "कारणे व उपाय" होऊन बसला. प्रत्येक जण आपला घटक घेऊन येणार, "हाही महत्त्वाचा आहे" म्हणणार, आणि आपण टाळ्या वाजवणार.

तिसऱ्या खेपेला लिहिलं: "२०१४ आणि २०१५ मध्ये पाऊस सरासरीइतका पडला असता, तर २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेची गरज पडली नसती का?"

याला "दोन्ही" असं उत्तर देता येत नाही. पावसावरच्या सरांना म्हणावं लागतं की नाही, नसती पडली. उसावरच्या मॅडमना म्हणावं लागतं की तेव्हा नाही, तर दोनचार वर्षांनी पडलीच असती. भूजलवाल्यांना विचारता येतं की सरासरी पावसानं पातळी किती सावरली असती. वाटपवाल्यांनाही जागा आहे, कारण गरज पडली नसती असं म्हणायचं तर शहरानं धरणातलं पाणी कसं वापरलं असतं हे सांगावं लागतं. न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की माणसाला आपलं कारण किती वजन पेलतं ते दाखवावं लागतं, नुसतं यादीत नाव घालून भागत नाही.

सगळ्याच विषयांत "असतं तर" चालेल असं नाही. साहित्यावरच्या किंवा भाषेवरच्या चर्चासत्रात तो ओढूनताणून आणलेला वाटतो. तिथे "या दोन वाचनांपैकी कोणतं वाचन अमुक प्रकरणापाशी अडतं?" असा प्रश्न अधिक कामाचा ठरतो. कसोटी मात्र सगळीकडे एकच लावायची: प्रत्येक वक्त्याला याचं उत्तर द्यावं लागेल का, आणि दोन शहाण्या माणसांची उत्तरं वेगळी येतील का? प्रश्न एका दमात म्हणता आला पाहिजे, हीसुद्धा कसोटीच. मधे स्वल्पविरामावर श्वास घ्यावा लागला तर अजून कापा.

शब्दाशी थांबा

भूमिकेतली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं शब्दाला द्यायची. बहुतेक भांडणं शब्दांतून सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

आमच्याकडे तो शब्द "दुष्काळ" होता. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानं अवर्षणाचे तीन प्रकार केले होते. पाऊस कमी पडला की हवामानशास्त्रीय, नद्या, धरणं आणि भूजल आटलं की जलशास्त्रीय, आणि पिकाला ओल पुरली नाही की कृषी अवर्षण. हे तिन्ही एकदम येतातच असं नाही. पाऊस चार चांगल्या तडाख्यांत पडून गेला तर धरण भरतं आणि पीक मात्र मधल्या खंडात जळतं. उलट पीक कसंबसं निभावतं आणि मार्चमध्ये विहिरीला तळ दिसतो.

आता सरकारी शब्द बघा. आपल्याकडे वर्षानुवर्षं गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली आली की गाव सरकारी यादीत यायचं. पैसेवारी पीक मोजते, पिण्याचं पाणी मोजत नाही. आणि यादीत आलेल्या गावालाही कागदावर सरळ "दुष्काळग्रस्त" म्हटलं जाईल याची खात्री नसायची. "टंचाई" किंवा "दुष्काळसदृश परिस्थिती" असे शब्द वापरले जायचे. २०१६ च्या मे महिन्यात, मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, राज्य सरकारनं "दुष्काळसदृश"च्या जागी "दुष्काळ" म्हणायचं मान्य केलं. तोवर लातूरला रेल्वे येऊन महिना झाला होता.

हे सगळं भूमिकेत सांगायचं नाही. ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणजे सांगायचं एक वाक्य नेमकं निघतं. माझं वाक्य असं झालं: "आज आपण दुष्काळ म्हणू तेव्हा पावसाचा, पाण्याचा की पिकाचा हे प्रत्येक वक्त्यानं एकदा सांगावं, एवढीच विनंती." मी व्याख्या लादली नाही. व्याख्या लादली की पहिली दहा मिनिटं वक्ते तिच्याशीच झोंबतात. फक्त आपली व्याख्या सांगायला लावली.

हद्दीचंही असंच. काळाची हद्द आणि जागेची हद्द दोन वाक्यांत सांगून टाका, आणि काय बाहेर ठेवलंय ते स्पष्ट म्हणा. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. म्हणजे जिल्ह्याची हद्द धरली तर धरणच बाहेर जातं. आम्ही मांजरा खोरं ही हद्द धरली. १९७२ बाहेर ठेवलं. यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक नाराज झाले, कारण "बहात्तरला धान्य नव्हतं, आता पाणी नाही" हे वाक्य म्हणल्याशिवाय आमच्या भागात दुष्काळावर बोललंच जात नाही. वाक्य खरंही आहे. पण ते एकदा सभागृहात आलं की रोजगार हमीपासून सुकडीपर्यंत गप्पा जातात आणि लातूर मागे राहतं.

कागदावरची भूमिका

मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलते. आठ मिनिटांत नऊशेच्या आत शब्द बसतात, पण मी साडेसहाशेच लिहिते, कारण थांबायला जागा लागते. तुमचा वेग फोनवर ध्वनिमुद्रित करून एकदा मोजा. खाली आमच्या भूमिकेचा गाभा देते.

"नमस्कार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली एक गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी दीड लिटरही होत नाही. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, सुमारे पंचवीस लाख लिटरची. तरीही माणशी सहा-साडेसहा लिटरच. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी करावी लागली होती. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलं.

"ही शेवटची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. पाऊस आला आणि प्रश्न मिटला, असं म्हणायचं का? तसं असेल तर आपण फक्त आभाळाकडे बघत बसायला हवं. की पाऊस येऊन प्रश्न झाकला गेला? म्हणून आज दिवसभर एकच प्रश्न समोर ठेवूया. २०१४ आणि २०१५ मध्ये पाऊस सरासरीइतका पडला असता, तर २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेची गरज पडली नसती का?

"या प्रश्नावर आपल्या वक्त्यांचं एकमत नाही, आणि ते मला आनंदानं सांगावंसं वाटतं. एक मत असं की नसती पडली. सलग दोन वर्षांची तूट कुठलंही धरण सोसू शकत नाही. दुसरं मत असं की पाणी कुठे जायचं हे पाऊस पडायच्या आधीच ठरलेलं होतं. तिसरं मत धरणाकडे न बघता जमिनीखाली बघायला सांगतं. चौथं म्हणतं, पाणी किती होतं यापेक्षा ते राखून ठेवायचं कुणी आणि कधी ठरवलं ते विचारा."

यानंतर शब्दाबद्दलची विनंती आली, हद्दीची दोन वाक्यं आली आणि शेवट असा झाला:

"पहिला निबंध पावसाच्या नोंदींचा आहे. तो ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवूया: आकडे मराठवाड्याचे आहेत की मांजरा खोऱ्याचे? कारण पाऊस विभागाच्या सरासरीवर पडत नाही, धरणाच्या वरच्या अंगाला पडावा लागतो. सरांना विनंती करते."

सुरुवात एका वस्तूनं केली आहे, व्याख्येनं नाही. भागाकार श्रोत्यांसमोर केला आहे. पाच लाख लिटर म्हटलं की खूप वाटतं, दीड लिटर म्हटलं की घशाला कोरड पडते. मग भरलेल्या धरणाची नोंद येते आणि तिच्यातून प्रश्न आपोआप वर येतो. ही नोंद नसती तर प्रश्न हवेतून आणल्यासारखा वाटला असता. चार मतं सांगताना मी वक्त्यांची नावं घेतली नाहीत. नाव घेतलं की वक्ता त्या मताला बांधला जातो, आणि त्यानं निबंधात पुढे सूर बदलला असेल तर त्याची पंचाईत होते. शिवाय मतं मांडताना प्रत्येकाला साधारण सारखीच जागा दिली. हे लिहिताना पट्टी घेऊन मोजा, आपलं आवडतं मत हटकून एक ओळ लांब निघतं.

शेवटच्या परिच्छेदात वक्त्याचा परिचय नाही. परिचय सूत्रसंचालक करतोच. तुम्ही श्रोत्यांच्या हातात ऐकण्याचा एक धागा द्यायचा. तो वक्त्याला अडचणीत आणणारा नसावा, म्हणून मी सरांना दोन दिवस आधी फोन करून सांगितलं होतं की असं म्हणणार आहे. ते म्हणाले, "बरं झालं, मी तालुकावार तक्ता घेऊन येतो." नाहीतर तो तक्ता कपाटातच राहिला असता.

काय गाळायचं

उसाबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो: राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्के ऊस आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा त्याचा. माझ्या पहिल्या मसुद्यात तो ठळक होता. मग काढून टाकला. एक म्हणजे तो राज्याचा आहे, मांजरा खोऱ्याचा नाही. दुसरं, त्यातून धरणाचं पाणी किती आणि विहिरी-बोअरचं किती हे कळत नाही, आणि आमचा वाद तर तिथेच होता. तिसरं आणि मुख्य कारण असं की तो एका बाजूचा पुरावा आहे. संयोजकानं तो आधीच टेबलावर टाकला की उसावरच्या मॅडमचं भाषण सुरू होण्याआधी अर्धं जिंकलेलं असतं, पावसावरच्या सरांचं अर्धं हरलेलं. भूमिकेत फक्त असे आकडे घ्या जे चारही वक्त्यांना मान्य आहेत. रेल्वेच्या वाघिणी किती होत्या यावर कुणाचं भांडण नव्हतं.

हे मी ठेच खाऊन शिकले. त्याआधी दुसऱ्या एका महाविद्यालयात, दुसऱ्याच विषयावर, मी पंचवीस मिनिटं भूमिका मांडली होती. खूप वाचून गेले होते आणि वाचलेलं सगळं सांगायचं होतं. प्रश्न मांडला, त्याच्या चार बाजू सांगितल्या आणि शेवटी ओघात "माझ्या मते" म्हणून उत्तरही देऊन टाकलं. पहिले वक्ते उठले, हसले आणि म्हणाले, "मॅडमनी माझा निबंध वाचलाच आहे, मी आता फक्त तळटीपा वाचतो." सभागृह हसलं. त्यांनी खरोखरच दहा मिनिटांत आटोपलं.

तेव्हापासून भूमिका लिहून झाली की मी "म्हणून", "त्यामुळे" आणि "माझ्या मते" या शब्दांखाली रेघा मारते. यांच्या मागे बहुतेक वेळा उत्तर लपलेलं असतं. उरलेल्या मजकुरात "अत्यंत ज्वलंत", "काळाची गरज", "बहुआयामी" असं काही सापडलं तर तेही जातं. विषय ज्वलंत आहे हे पटल्यामुळेच माणसं सुट्टीच्या दिवशी आली आहेत.

त्या दिवशी

कार्यक्रम वेळेवर सुरू होणार नाही हे धरून चाला. पाहुण्यांची गाडी अडकते, मग सत्कार लांबतो, आणि सूत्रसंचालक तुमच्या कानात येऊन सांगतो, "मॅडम, तीन मिनिटांत." तेव्हा आठ मिनिटांचा मजकूर भरभर वाचायचा नाही. तीन मिनिटांचा मसुदा वेगळा, दुसऱ्या कागदावर असू द्या. त्यात रेल्वे आणि भागाकार, प्रश्न, शब्दाबद्दलची विनंती आणि पहिल्या वक्त्याकडे सोपवणं एवढंच. चार मतं आणि हद्द गेली तरी चालेल. प्रश्न गेला तर बोलूच नका, वेळ पहिल्या वक्त्याला द्या.

प्रश्न दोनदा म्हणा, एकदा मध्ये आणि एकदा शेवटाआधी, आणि दोन्ही वेळा अगदी त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा जरा वेगळ्या शब्दांत म्हटलात की श्रोत्यांना तो दुसरा प्रश्न वाटतो. आमच्याकडे तो फळ्यावर खडूनं लिहून ठेवला होता. पडद्यावर दाखवू नका, पहिल्या वक्त्याची स्लाइड लागली की तो नाहीसा होतो. फळा दिवसभर राहतो. सत्राध्यक्षांच्या टेबलावरही त्याच प्रश्नाची एक चिठ्ठी ठेवा. प्रश्नोत्तरं भरकटली की त्यांच्या हाताशी काहीतरी असतं.

मग खाली येऊन पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा. भूमिका नीट उतरली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. पहिल्या वक्त्याच्या तोंडी तुमच्या प्रश्नातला एखादा शब्द आला का ते ऐका. आमच्या सरांनी तिसऱ्याच मिनिटाला म्हटलं, "आता फळ्यावरच्या प्रश्नाकडे येतो," आणि तालुकावार तक्ता लावला. उसावरच्या मॅडमनी तो तक्ता वहीत उतरवून घेतला, आणि दुपारी स्वतःच्या निबंधात त्याच्यातलीच केज आणि कळंबची ओळ वाचून दाखवून म्हणाल्या, "सरांनीच दिलेले आकडे आहेत, पण मी त्यांच्यातून उलटं काढते."